गाठ हलते की नाही?

पायाला जखम झाली, टाचेची भेग चिघळली की दोनेक दिवसांत जांघेत दुखरी गाठ येते. तिला आपण अवधाण म्हणतो. जखमेतले जंतू रसवाहिन्यांतून वर सरकतात, जांघेतल्या रसग्रंथी त्यांना अडवतात आणि त्या झटापटीत सुजतात. जखम भरली की काही आठवड्यांत गाठही विरते. हे घराघरात ठाऊक असल्यामुळेच एक घोटाळा होतो: जांघेतली प्रत्येक गाठ अवधाणच समजली जाते.

दवाखान्यात नेहमी दिसणारं एक उदाहरण घेऊ. साठीच्या एक बाई. उजव्या पायाला काटा लागला होता, जांघेत सुपारीएवढी गाठ आली. डॉक्टरांनी प्रतिजैविकं दिली. पाय बरा झाला, गाठ मात्र राहिली. नीट विचारल्यावर त्या सांगतात, की सकाळी उठताना ती नसते, दिवसभर उभ्याने काम केलं की संध्याकाळी येते. इथेच कान टवकारायला हवेत. सुजलेली ग्रंथी रात्रीत नाहीशी होऊन संध्याकाळी परतत नाही.

सोनोग्राफीच्या टेबलावर आडवं झोपवून तपासलं तर काय दिसतं? राजम्याच्या दाण्यासारखी एक लांबट ग्रंथी. कडेचा भाग काळसर, मधे चरबीचा पांढरा पट्टा आणि त्याच पट्ट्यातून आत शिरणारी रक्तवाहिनी. निरोगी किंवा साध्या संसर्गाने सुजलेली ग्रंथी अशीच दिसते. ती गोल झाली, मधला पांढरा पट्टा पुसला गेला किंवा दोन-चार ग्रंथी एकमेकींना चिकटल्या, तर क्षयरोग किंवा कर्करोगाचा विचार करावा लागतो. बाईंच्या बाबतीत तसं काही नाही. जांघेत अशा एक सेंटिमीटरच्या ग्रंथी अगदी धडधाकट माणसातही सापडतात. तपासणी इथेच थांबली तर ‘ग्रंथी किंचित वाढलेली’ असा अहवाल हातात पडेल आणि खरा आजार सुटून जाईल.

म्हणून बाईंना उभं करायचं आणि खोकायला सांगायचं. ग्रंथी जागची हलत नाही. पण तिच्या शेजारी, मांडीच्या मोठ्या शिरेच्या आतल्या बाजूला, पोटातून काहीतरी खाली घसरतं आणि शीर बाजूला दाबली जाते. ते नुसतं चरबीचं असेल तर पांढुरकं दिसतं, त्याला स्वतःची हालचाल नसते. आतडं असेल तर त्याच्या भिंतीचे थर दिसतात, आतल्या हवेचे चकाकणारे ठिपके सरकतात आणि थोडं थांबलं तर आकुंचनाची लाटही दिसते. हा अंतर्गळ, म्हणजे हर्निया. पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतला भाग बाहेर येणं.

पुरुषांत बहुतेक वेळा तो जांघेच्या घडीच्या वर येतो आणि वृषणाकडे उतरू शकतो. बाईंचा घडीच्या खाली, मांडीच्या मुळाशी आहे. हा प्रकार एकंदरीत कमी आढळतो, पण बायकांमध्ये तुलनेने जास्त. आणि नेमक्या याच जागी रसग्रंथीही असतात. चकवा त्यामुळेच बसतो. या अंतर्गळाचं तोंड अरुंद आणि कडा ताठर असल्याने आतडं अडकण्याचा धोकाही मोठा.

अडकलं की वर सांगितलेली खूण उलटते. गाठ आत जात नाही, खोकल्याने हलत नाही, दुखते. म्हणजे हुबेहूब अवधाण! अशा वेळी सोनोग्राफीत पिशवीत पाणी, जाड झालेली आतड्याची भिंत, थांबलेलं आकुंचन दिसू शकतं. रक्तप्रवाह दिसला म्हणून निर्धास्त होता येत नाही. उलट्या, फुगलेलं पोट, वारा न सरणं ही लक्षणं सोबत असतील तर अहवालाची वाट पाहण्यापेक्षा थेट शल्यचिकित्सक गाठावा, कारण रक्त तुटलेलं आतडं काही तासांतच सडू लागतं. अशी गाठ घरी दाबून आत ढकलू नये. आणि आत काय आहे हे कळण्याआधी तिच्यात सुई घालून नमुना घेण्याची घाई तर डॉक्टरांनीही करू नये; सुई आतड्यात जाऊ शकते.

त्रास नसलेल्या पुरुषाच्या नेहमीच्या जांघेतल्या अंतर्गळावर काही काळ नुसती नजर ठेवली तरी चालते. बाईंच्या प्रकारात ती मुभा नाही, शस्त्रक्रिया लवकर ठरवतात: आतडं आत सारायचं आणि ती वाट बंद करायची, बहुधा जाळी लावून. शेजारच्या ग्रंथीला हात लावायचं काही कारण नाही.

तपासणीला जाताना एवढं करावं. गाठ कधी दिसते, कधी जाते हे आपणहून सांगावं. आडवं झोपून तपासताना ती लपली असेल तर ‘उभं करून पाहता का?’ असं विचारावं.