आमरसाचा डबा बारावीच्या गणिताचं ऐकत का नाही?

एक पट्टी घ्या आणि स्वयंपाकघरात जा. हापूसच्या पल्पचा ८५० ग्रॅमचा पत्र्याचा डबा असेल तर उत्तम. वरची कड सोडून त्याचा व्यास मोजा. तो १० सेंटिमीटरला थोडा कमी भरेल. आता उंची मोजा. ती १२ च्या आसपास येईल.

आता बारावी आठवा. डेरिव्हेटिव्हच्या धड्यात एक गणित हमखास असायचं: ठरावीक घनफळाचा बंद गोल डबा कमीत कमी पत्र्यात करायचा, तर उंची आणि त्रिज्येचं प्रमाण किती? उत्तर पाठ होतं, h = 2r. म्हणजे उंची व्यासाएवढी. मग हा डबा दोनेक सेंटिमीटर जास्त उंच कसा? धडा चुकला की कारखाना?

मी सायन्स सोडून मास मीडियाकडे पळालेली मुलगी. हे गणित मी मार्कांसाठी घोकलं होतं, समजून घेतलं नव्हतं. परवा आमरसाचा रिकामा डबा धुताना ही शंका आली आणि चार वर्षांनी मी तेच गणित पुन्हा मांडायला बसले. तुम्हीही बसा, अवघड नाहीये.

डब्याला पत्रा दोन ठिकाणी लागतो. एक, गोल गुंडाळलेली उभी भिंत. दोन, वरचं झाकण आणि खालचं बूड, म्हणजे दोन चकत्या. घनफळ V ठरलेलं असेल तर एकूण पत्रा होतो:

2V/r + 2πr²

पहिला भाग भिंतीचा, दुसरा चकत्यांचा. डबा रुंद केला की भिंत कमी होते आणि चकत्या वाढतात. अरुंद केला की उलट. सगळी गंमत या रस्सीखेचीत आहे.

आपल्या डब्यात ८५० मिली मावतं असं धरू. त्रिज्या ३ सेंमी घेतली तर ३० सेंमी उंच नळकांडं होतं आणि पत्रा लागतो ६२३ चौरस सेंमी. त्रिज्या ४ केली तर ५२६. त्रिज्या ६ केली तर डबा बुटका होतो आणि पत्रा ५१० वर जातो. सगळ्यात कमी पत्रा मध्ये कुठेतरी लागणार. डेरिव्हेटिव्ह शून्य धरलं की ती जागा सापडते: V = 2πr³, म्हणजेच h = 2r. आकडे घातले की त्रिज्या ५.१३ सेंमी, उंची १०.२७ सेंमी आणि पत्रा ४९७ चौरस सेंमी येतो. उत्तर बरोबर आलं का, हे तपासायची सोपी खूण आहे. इथे भिंतीचा पत्रा दोन्ही चकत्यांच्या बरोबर दुप्पट असतो. इथे भिंत ३३१ आणि चकत्या १६६, म्हणजे जमलं.

आता आपल्या खऱ्या डब्याचा व्यास घालून बघा. ९.९ सेंमी धरला तर ८५० मिली मावायला आतली उंची ११ सेंमी लागते. (बाहेरून बारा दिसते कारण झाकण आणि बूड कडेपेक्षा थोडं आत दबलेलं असतं. डबा हातात घेऊन बघा.) आणि पत्रा? पुन्हा ४९७. फरक एका चौरस सेंटिमीटरपेक्षाही कमी.

मला पहिला धक्का इथे बसला. सगळ्यात कमी पत्र्याची जागा टोकदार दरी नसून पसरट बशी आहे. मधल्या बिंदूपासून जरा सरकलात तर जवळपास काहीच वाया जात नाही. ३ सेंमी त्रिज्येएवढं लांब गेलात, तरच पंचवीस टक्के जास्त पत्रा जातो. म्हणजे कारखान्याने उंच डबा केला तर त्याला फारसा दंड बसत नाही.

पण दंड नसला तरी उंचीकडेच का सरकायचं, बुटकेपणाकडे का नाही? याचं उत्तर चकत्या कापण्यात आहे.

भिंतीचा पत्रा आयताकृती असतो. मोठ्या शीटमधून तो जवळपास काहीही न सांडता निघतो. चकती गोल असते आणि गोल कापलं की कोपरे उरतात. रुपयाची नाणी टेबलावर सरळ ओळींत चिकटवून मांडा आणि मधल्या फटी बघा. प्रत्येक नाणं एका चौकोनाची जागा अडवतं आणि त्यातला २१ टक्के भाग भंगारात जातो. ते भंगार वजनावर विकलं जातं हे खरं, पण शीट म्हणून विकत घेतल्याच्या भावाने नक्कीच नाही.

मग आपलं सूत्र बदलतं. दोन चकत्यांसाठी 2πr² नाही, तर दोन चौकोनांचे 8r² मोजायचे. पुन्हा डेरिव्हेटिव्ह काढलं की उंची भागिले त्रिज्या येतं 8/π, म्हणजे साधारण २.५५. आपल्या ८५० मिलीसाठी त्रिज्या ४.७४ आणि उंची १२.०६ सेंमी. चकत्या महाग पडल्या, म्हणून गणिताने त्या लहान केल्या आणि डबा उंच झाला. वहीतला h = 2r वाला डबा अशा शीटमधून कापला तर ५४२ चौरस सेंमी विकत घ्यावे लागतात, आणि या उंच डब्याला ५३८. फरक डब्यामागे ३.६ चौरस सेंमी. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एक लाख डबे धरले तर ३६ चौरस मीटर पत्रा होतो.

आता नाण्यांची दुसरी ओळ अर्ध्या नाण्याने सरकवून पहिलीच्या खाचांत बसवा. फटी एकदम लहान होतात, वाया जाणारा भाग ९ टक्क्यांवर येतो. चकत्या थोड्या स्वस्त झाल्या, म्हणून डबा पुन्हा थोडा बसका होतो: प्रमाण २.२१, त्रिज्या ४.९७ सेंमी. आणि आपल्या डब्याची त्रिज्या किती होती? ४.९५!

हे बघून मी खुर्चीतून उठलेच. पण लगेच "रहस्य सापडलं" म्हणू नका. खऱ्या शीटला कडा असतात, तिथे अर्ध्या चकतीची जागा फुकट जाते. कापताना दोन चकत्यांमध्ये बारीक पट्टी सोडावी लागते. झाकणाची कड भिंतीच्या कडेत दुमडून डबा बंद करतात, त्या दुमडीला वेगळा पत्रा लागतो. त्यामुळे चकती डब्याच्या तोंडापेक्षा मोठीच कापतात. हे सगळे खर्च चकतीकडे जमा होतात, म्हणून प्रमाण २ च्या वर ढकललं जातं. शिवाय प्रत्येक मालासाठी नवा व्यास कोणी काढत नाही. ठरलेले व्यास असतात, त्यांचेच साचे असतात, आणि कमी-जास्त मापासाठी उंची बदलतात. बशी पसरट असल्यामुळेच हे परवडतं.

म्हणजे धडा चुकला नव्हता. त्याने विचारलं होतं, डब्यावर किती पत्रा असतो? कारखाना विचारतो, डब्यासाठी किती पत्रा विकत घ्यावा लागतो? प्रश्न जरासा वेगळा, म्हणून उत्तरही जरासं उंच.

आता पट्टी हातात आहेच, तर वरून उघडा असलेला डबा कसा असावा तेही काढून बघा. झाकण नाही, म्हणजे 2πr² च्या जागी नुसतं πr². उत्तर सांगून ठेवते: उंची व्यासाएवढी नाही, त्रिज्येएवढी. का, ते मात्र तुम्ही शोधायचं.