पाच अवस्थांना फ्लिप-फ्लॉप तीन की पाच?

वॉशिंग मशीनचे बटण दाबले की एक ठरलेला क्रम सुरू होतो. पाणी भरते, कपडे धुतले जातात, पाणी निचरते, कपडे पिळले जातात आणि यंत्र पुन्हा थांबते. थांबणे धरून या पाच अवस्था झाल्या. हा क्रम चालवणाऱ्या मंडलाला एकच गोष्ट सतत लक्षात ठेवायची असते: आपण आत्ता कोणत्या अवस्थेत आहोत? ही आठवण ठेवतो फ्लिप-फ्लॉप. एका फ्लिप-फ्लॉपमध्ये एकच बिट मावते, शून्य किंवा एक. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला तो समोर आलेली नवी किंमत उचलतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत धरून ठेवतो.

पाच अवस्था लिहून ठेवायला किती फ्लिप-फ्लॉप लागतील? तीन बिटांतून आठ वेगवेगळे आकडे तयार होतात, म्हणून तीन पुरतात. थांबा 000, भरणे 001, धुणे 010, निचरा 011 आणि पिळणे 100. ही झाली बायनरी पद्धत. दुसरी पद्धत वन-हॉट. तीत प्रत्येक अवस्थेला स्वतःचा फ्लिप-फ्लॉप मिळतो आणि पाचांपैकी कोणत्याही क्षणी एकातच 1 असतो. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचा एकच खेळाडू धावत असतो; त्याने खो दिला की बसलेला उठतो आणि देणारा त्याच्या जागी बसतो. वन-हॉटचे चालणे नेमके तसेच आहे.

पाचाऐवजी तीन म्हटल्यावर बायनरी स्वस्त वाटते, आणि अवस्था वाढल्या की ही तफावत आणखी रुंदावते. 40 अवस्थांना बायनरीत 6 फ्लिप-फ्लॉप लागतात, वन-हॉटमध्ये 40. पण फ्लिप-फ्लॉपची मोजदाद हा निम्माच हिशेब आहे. पुढच्या ठोक्याला प्रत्येक फ्लिप-फ्लॉपने कोणती किंमत घ्यायची, हे ठरवणारे गेटांचे जाळे त्याच्यामागे उभे करावे लागते. खर्चाचा उरलेला अर्धा भाग या जाळ्यात असतो.

आपल्या यंत्राला बाहेरून चार खुणा मिळतात असे धरू: बटण दाबले (`start`), पाणी भरले (`full`), वेळ संपली (`timer`), टाकी रिकामी झाली (`empty`). वन-हॉटमध्ये धुण्याच्या फ्लिप-फ्लॉपला पुढच्या ठोक्याला 1 कधी व्हायचे? भरणे चालू होते आणि पाणी भरले तेव्हा, किंवा आपण धूतच होतो आणि वेळ संपलेली नाही तेव्हा.

```
WASH_next = (FILL & full) | (WASH & ~timer);
```

यात फक्त चार संकेत आहेत: आधीची अवस्था, तिथून निघण्याची अट, स्वतःची अवस्था आणि स्वतःहून निघण्याची अट. उरलेल्या चार अवस्थांची समीकरणेही याच साच्याची आणि चार-चार संकेतांची होतात. अवस्थांच्या आकृतीतला प्रत्येक बाण सरळ समीकरणात उतरतो. मध्ये एखादी अवस्था घालायची झाली, तरी तिच्या शेजाऱ्यांपुरतेच बदल करावे लागतात.

आता बायनरीतले सर्वांत उजवे बिट घ्या. ते भरणे आणि निचरा या दोन अवस्थांत 1 असते. म्हणजे या दोहोंपैकी एकीत जाण्याचा किंवा तिथे टिकून राहण्याचा प्रत्येक मार्ग या एकाच बिटाच्या वाट्याला येतो.

```
q0_next = (~q2 & ~q1 & ~q0 & start) | (~q1 & q0 & ~full)
        | (q1 & ~q0 & timer) | (q1 & q0 & ~empty);
```

न वापरलेल्या तीन आकड्यांचा फायदा घेऊन हे समीकरण लहान केलेले आहे, तरीही त्यात सात संकेत उरले. मधल्या बिटाला चार पुरतात, डाव्याला पाच. बायनरीत फ्लिप-फ्लॉप दोनने कमी झाले, पण त्यातल्या एकाला जवळजवळ सगळ्या यंत्राची खबर ठेवावी लागते.

हा भार किती महाग पडतो, ते चिपवर अवलंबून आहे. 1985 साली झायलिंक्सने एक्ससी2064 ही एफपीजीए चिप आणली. तिच्यात 64 ठोकळे होते. प्रत्येक ठोकळ्यात चार संकेतांपर्यंतचे कोणतेही समीकरण बसवता येणारे एक कोष्टक आणि त्याच्या जोडीला एक फ्लिप-फ्लॉप. आपले वन-हॉट यंत्र अशा रचनेत पाच ठोकळ्यांत चपखल बसते. बायनरीच्या सात संकेतांच्या बिटाला मात्र एकापुढे एक अशी कोष्टके जोडावी लागतात. प्रत्येक टप्प्यात वेळ जातो आणि घड्याळ तेवढे हळू चालवावे लागते. त्याच कंपनीच्या पुढच्या सेव्हन सिरीजमध्ये कोष्टक सहा संकेतांचे झाले आणि दर कोष्टकामागे दोन फ्लिप-फ्लॉप आले. अशा चिपवर फ्लिप-फ्लॉप वाचवून फारसे काही हाती लागत नाही.

सुट्या चिपांचा जमाना वेगळा होता. 7474 या चिपमध्ये दोनच फ्लिप-फ्लॉप असतात. 40 अवस्थांचे यंत्र बायनरीत तीन चिपांत होते. वन-हॉटला वीस चिपा आणि त्यांना पुरेल एवढा बोर्ड हवा. खास बनवलेल्या चिपमध्येही फ्लिप-फ्लॉप जागा खातो. दोन संकेतांच्या नँड गेटला चार ट्रान्झिस्टर पुरतात, फ्लिप-फ्लॉपला साधारण वीस किंवा अधिक लागतात. शिवाय प्रत्येक फ्लिप-फ्लॉपपर्यंत घड्याळ पोचवायला वीज लागते.

दोन्ही पद्धती कुठे फसतात, हेही पाहिले पाहिजे. समजा, पाणी भरल्याची खूण घड्याळाच्या ठोक्याच्या अगदी तोंडावर आली. तारांची लांबी सारखी नसते, म्हणून एका फ्लिप-फ्लॉपला ती वेळेत दिसते आणि दुसऱ्याला नाही. बायनरीत 001 वरून 010 वर जायचे होते, पण एकच बिट बदलले. मग यंत्र एक तर 000 वर जाऊन थांबते, नाही तर 011 वर जाऊन नुकतेच भरलेले पाणी सोडून देते. वन-हॉटमध्ये भरणे आणि धुणे दोन्ही क्षणभर 1 झाले, तर आपली समीकरणे पुढच्याच ठोक्याला एकट्या धुण्यावर येतात. पण भरणे विझले आणि धुणे पेटलेच नाही, तर पाचही फ्लिप-फ्लॉप 0 होतात आणि तसेच राहतात. पंप बंद, मोटर बंद, बटण दाबूनही काही हलत नाही. लॉजिक ॲनालायझरवर अवस्थेची सगळी बिटे शून्य दिसली की दोष इथेच आहे हे समजावे.

मूळ उपाय दोन्हींना एकच आहे. बाहेरून येणारी प्रत्येक खूण आधी एकापाठोपाठच्या दोन फ्लिप-फ्लॉपमधून न्यावी आणि मगच यंत्राला दाखवावी. वन-हॉटमध्ये आणखी एक पहारा ठेवता येतो: सगळी बिटे शून्य झाली तर 'थांबा' पेटवायचे. पण त्यासाठी 'थांबा'ला पाचही अवस्था पाहाव्या लागतात आणि त्याचे समीकरण चारावरून सात संकेतांवर जाते. वन-हॉटचा सोपेपणा तेवढ्या जागी संपतो. बायनरीत निषिद्ध आकडे तीन आहेत; वन-हॉटमध्ये 32 पैकी 27.

या पहाऱ्यातही एक मेख आहे. मंडल तयार करणारे सॉफ्टवेअर असे मानते की ती अवस्था कधी येणारच नाही, आणि पहारा काटून टाकते. झायलिंक्सने आणलेल्या व्हिव्हाडोमध्ये तो राखायचा असेल तर तसे लिहून सांगावे लागते:

```
(* fsm_encoding = "one_hot", fsm_safe_state = "reset_state" *)
reg [4:0] state;
```

सार इतकेच, की एफपीजीएवर पाच-दहापासून काही डझनांपर्यंत अवस्था असतील आणि वेग हवा असेल तर वन-हॉट घ्यावे. फ्लिप-फ्लॉप मोजून मिळत असतील, जागा किंवा वीज तुटपुंजी असेल, तर बायनरी घ्यावी. आणि ठरवण्याआधी सर्वांत अवजड समीकरणात किती संकेत आहेत, हे कागदावर एकदा मोजून पाहावे.