रोज सकाळी एक जुनी नोंद

सुचलेलं, वाचलेलं, कुणी सांगितलेलं आपण टिपून ठेवतो आणि पुन्हा उघडून बघत नाही. त्यावर एक सोपा उपाय बरेच जण करतात. रोज सकाळी संगणकानं जुन्या नोंदींतली कुठलीही एक समोर आणायची आणि चहा संपेपर्यंत ती वाचायची. ऑब्सिडियनसारख्या अ‍ॅपमध्ये तर अशी नोंद उघडण्याची सोयच असते.

यात एक गोम आहे. समजा, तुमच्याकडे ३६५ नोंदी आहेत. रोज एक म्हणजे वर्षात सगळ्या होतील, असं वाटतं. पण उचललेली चिठ्ठी पुन्हा डब्यात टाकली, तर तीच परत हाती लागू शकते. गणित केलं तर वर्षाअखेर साधारण १३४ नोंदी एकदाही समोर आलेल्या नसतात. काही मात्र तीन-तीनदा आलेल्या असतात, आणि मग माणूस वैतागून नाद सोडतो.

म्हणून पाहिलेली नोंद काही काळ बाजूला पडायला हवी. नोंदी साध्या फाइलींत असतील, तर लिनक्सवर एवढं पुरतं:

```
find ~/notes -name '*.md' -mtime +365 | shuf -n 1
```

वर्षभरात हात न लागलेल्या फाइलींतून ही ओळ एक निवडते. नुसती वाचलेली फाइल मात्र उद्या पुन्हा येऊ शकते, कारण इथे शेवटच्या बदलाची तारीख मोजली जाते. तेव्हा वाचून झाल्यावर खाली एक ओळ लिहायची आणि फाइल सेव्ह करायची. तारीख बदलते आणि नोंद वर्षभर रजेवर जाते.

ही ओळ लिहिणं हेच खरं काम. समजा, नोंद निघाली: ‘फणसाच्या आठळ्या मातीत घोळवून ठेवल्या की पावसाळाभर टिकतात.’ पण कोणती माती, ओली की सुकी, हे कुणी सांगितलं, यातलं काहीच लिहिलेलं नाही. मग खाली लिहायचं: ‘मे महिन्यात गावी गेल्यावर काकूला विचारणे.’ आता ती नोंद कामाला लागली. नुसती लिंक आणि पुढे ‘वाचायचं!’ एवढंच असेल आणि आज उघडावीशीही वाटत नसेल, तर खुशाल पुसून टाकावी. माझ्या मते पुसण्याची सवय वाचण्याइतकीच कामाची आहे, कारण दिवसाला तीन नोंदी जमवणाऱ्याला रोज एक वाचून कधीच पुरं पडणार नाही.

एखाद्या सकाळी काहीच आलं नाही, तर सगळं वाचून झालं असं समजू नका. नवा संगणक घेतल्यावर फाइली साध्या पद्धतीनं कॉपी केल्या की सगळ्यांवर आजची तारीख पडू शकते, आणि वर्षापूर्वीची अशी एकही उरत नाही. कॉपी करताना `cp -p` वापरलं, तर जुन्या तारखा कायम राहतात.