चारशेच्या बिलातले वाटेकरी

जानेवारी 2020 मध्ये उबरने भारतातला आपला जेवण पोहोचवण्याचा धंदा झोमॅटोच्या हवाली केला आणि बदल्यात झोमॅटोचे 9.99 टक्के शेअर घेतले. त्याआधी ओलाने डिसेंबर 2017 मध्ये फूडपांडाचा भारतातला व्यवसाय विकत घेतला होता. दोन वर्षांच्या आतच तोही गुंडाळावा लागला. मुंबईत आयआयटीच्या तरुणांनी सुरू केलेलं टायनीआउल 2016 मध्येच संपलं. अ‍ॅमेझॉन मे 2020 मध्ये बंगळुरूत उतरली आणि 2022 संपता संपता बाहेर पडली. यातल्या बड्यांकडे पैसा होता, अ‍ॅप बनवणारे हुशार लोक होते, लाखो ग्राहकांचे नंबरही होते. तरीही मैदानात मोठे म्हणून दोनच उरले, झोमॅटो आणि स्विगी. यातल्या झोमॅटोचा प्रवास 2008 मध्ये सुरू झाला, पण तिला पहिला तिमाही नफा दिसला तो एप्रिल ते जून 2023 मध्ये, आणि तोही अवघा दोन कोटींचा.

एमबीएच्या पहिल्या वर्षात स्ट्रॅटेजीच्या असाइनमेंटला हा उद्योग वारंवार दिला जातो, याचं कारण हेच कोडं. अ‍ॅप तर कोणीही बनवू शकतो. मग टिकत का नाही? आणि जे टिकले त्यांच्या हातात इतकी वर्षं पैसा का उरला नाही? या प्रश्नांसाठी हार्वर्डचे मायकेल पोर्टर यांनी 1979 मध्ये मांडलेली चौकट वापरतात. त्यांचं म्हणणं असं की नफ्यावर डोळा फक्त समोरच्या प्रतिस्पर्ध्याचा नसतो. ग्राहक भाव पाडून मागतो, पुरवठादार दर वाढवून मागतो, नवा खेळाडू शिरू पाहतो, आणि तीच गरज वेगळ्याच मार्गाने भागवणारा पर्याय कायम हजर असतो. प्रतिस्पर्ध्यांची आपसातली चढाओढ धरून या पाच शक्ती होतात. त्या मिळून ठरवतात की उद्योगात तयार झालेल्या पैशातला किती वाटा कंपन्यांकडे राहील.

बहुतेक विद्यार्थी इथे पाच ओळींचा तक्ता काढतात आणि प्रत्येक ओळीपुढे ‘जास्त’, ‘मध्यम’, ‘कमी’ असं लिहून मोकळे होतात. परीक्षकाला त्यातून काहीच कळत नाही. ग्राहकांची ताकद जास्त आहे म्हणजे किती रुपयांनी, हे लिहिल्याशिवाय ते विश्लेषण होत नाही. त्यासाठी एक बिल उलगडून पाहावं.

समजा, कोथरूडमधल्या एका मध्यम हॉटेलातून 400 रुपयांचं जेवण मागवलं. हॉटेलने स्वतःच्या खिशातून 60 रुपयांची सूट दिली, राहिले 340. त्यावर अ‍ॅपचं कमिशन 22 टक्के धरलं तर ते जवळपास 75 रुपये होतं. या कमिशनवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी साडेतेरा रुपये. पाच टक्क्यांच्या पद्धतीत बसणाऱ्या हॉटेलला हा कर वळता करून घेता येत नाही, त्यामुळे तो सरळ खर्चात जातो. हॉटेलच्या हातात राहतात सुमारे 251 रुपये. ग्राहक मात्र 340 वर पाच टक्के कर, 30 रुपये डिलिव्हरी आणि 10 रुपये प्लॅटफॉर्म शुल्क धरून 397 रुपये देतो. (या शुल्कांवरचा कर इथे बाजूला ठेवला आहे.) अ‍ॅपकडे येतात 115. त्यातले 45 डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला दिले की उरतात 70, आणि त्यातून पेमेंटचा खर्च, चुकलेल्या ऑर्डरचा परतावा, कॉल सेंटर, जाहिरात, पगार भागवायचे. आकडे नमुन्याचे आहेत आणि प्रत्येक हॉटेलचा करार वेगळा असतो. पण ही मांडणी समोर असली की प्रत्येक शक्ती कोणत्या ओळीवर हात मारते ते दिसतं.

सर्वांत आधी नव्यांचा शिरकाव. असाइनमेंटमध्ये इथे हमखास लिहिलं जातं की भांडवल कमी लागतं, म्हणून धोका जास्त. खरी भिंत अ‍ॅपची नसून दाटीची आहे. डिलिव्हरी करणाऱ्याला तासाला शंभरेक रुपये सुटले पाहिजेत असं धरू. एका भागात ऑर्डरी इतक्या असतील की त्याला तासात दोन मिळतात, तर एका ऑर्डरीचा खर्च 50 रुपये. तासात एकच मिळाली तर तोच खर्च 100 होतो, आणि वरच्या 115 मधून अ‍ॅपकडे 15 उरतात. नव्या कंपनीला पहिल्या दिवसापासून या दुसऱ्या गणितात जगावं लागतं. शिवाय मुलं कमी म्हणून जेवण उशिरा, उशिरा म्हणून ग्राहक कमी, ग्राहक कमी म्हणून हॉटेलंही उदासीन. बंगळुरूत दाटी जमवली तरी ती नागपुरात कामाला येत नाही; प्रत्येक शहरात, खरं तर प्रत्येक उपनगरात, ती नव्याने उभी करावी लागते. टिकलेल्यांनाही हे गणित सुटत नाही. झोमॅटोने 2023 च्या सुरुवातीला सुमारे 225 लहान शहरांतून काढता पाय घेतला. त्या सगळ्या शहरांचा मिळून एकूण ऑर्डरींच्या रकमेतला वाटा 0.3 टक्के होता.

पुरवठादार कोण, या प्रश्नावर विद्यार्थी सर्वाधिक अडखळतात. हॉटेल जेवण पुरवतं म्हणून पुरवठादार, पण कमिशन देतं आणि अ‍ॅपवर जाहिरातही विकत घेतं म्हणून तेच ग्राहकसुद्धा. दोन्ही बाजू मान्य करून पुढे जाणं बरं. महत्त्वाचं हे की या गटाची ताकद सगळीकडे सारखी नाही. स्वतःचं अ‍ॅप आणि स्वतःची डिलिव्हरीची मुलं असलेल्या डॉमिनोजला झोमॅटो नसली तरी चालतं, म्हणून वाटाघाटीत तिचा आवाज मोठा. कोथरूडच्या आपल्या हॉटेलचं तसं नाही. ते अ‍ॅपवरून उतरलं तर ग्राहक शेजारच्या हॉटेलचं जेवण मागवतो, अ‍ॅपचं काही बिघडत नाही. त्यातून ग्राहकाचा फोन नंबर हॉटेलला सहसा मिळत नाही, त्यामुळे महिन्यातून चारदा मागवणारा माणूस कोण हेही त्याला ठाऊक नसतं. 251 रुपयांच्या ओळीमागे हा कमकुवतपणा आहे. एकट्याने जमत नाही म्हणून हॉटेलवाले एकत्र आले. ऑगस्ट 2019 मध्ये सवलतीच्या योजनांविरुद्ध त्यांनी ‘लॉगआउट’ मोहीम काढली, आणि त्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने एप्रिल 2022 मध्ये दोन्ही कंपन्यांच्या चौकशीचा आदेश दिला. दुबळे पुरवठादार संघटित झाले की ताकदीचा तोल कसा हलतो, याचं इतकं जवळचं उदाहरण विद्यार्थ्याने सोडू नये.

जेवण पोहोचवणारी मुलं ही पुरवठादारांचीच दुसरी फळी. दोन्ही कंपन्यांच्या अ‍ॅपवर नोंदणी असली तरी दर ठरवण्यात त्यांचा हात नसतो. 45 रुपयांची ओळ त्यांच्यासाठी उपजीविका आहे आणि कंपनीसाठी सर्वांत मोठा बदलता खर्च, म्हणून ती कायम ताणाखाली राहते. उन्हातान्हात, पावसात हॉटेलबाहेर ताटकळण्याचा वेळ या ओळीत कुठेच दिसत नाही. विश्लेषणात या मुलांना एका वाक्यात उरकणं हा अन्याय तर आहेच, शिवाय चुकीचं गणितही आहे.

ग्राहकांबद्दल पुस्तकी उत्तर ठरलेलं असतं: फोनवर दोन्ही अ‍ॅप असतात, एका टिचकीत बदलता येतं, म्हणून ताकद जास्त. सूटयुद्धाच्या काळात, 2015 ते 2019 दरम्यान, हे पूर्ण खरं होतं. तेव्हा ग्राहक जेवणाच्या निम्म्या किमतीत जेवत होता आणि बाकीचे पैसे गुंतवणूकदार भरत होते. पण 2023 मध्ये दोन्ही कंपन्यांनी ऑर्डरमागे दोन रुपयांचं प्लॅटफॉर्म शुल्क सुरू केलं. पुढच्याच वर्षी ते दहा रुपयांवर गेलं. एकाने वाढवलं की दुसरीही वाढवत राहिली आणि ग्राहक फारसे हलले नाहीत. चढाओढ थंडावल्याची याहून स्पष्ट खूण शोधायला नको. अ‍ॅप बदलणं सोपं असलं तरी जायला दुसरं एकच घर असेल, आणि तिथेही तोच दर असेल, तर त्या सोपेपणाला किंमत राहत नाही. ग्राहकाची ताकद आणि प्रतिस्पर्ध्यांची संख्या या गोष्टी वेगळ्या कप्प्यांत लिहिल्या की हा धागा हातातून सुटतो.

मग शुल्क पन्नास रुपये का करत नाहीत? तिथे पर्याय आडवे येतात. पुण्यात मेसचा डबा महिन्याच्या हिशेबाने घरपोच मिळतो, मुंबईत डबेवाले घरचं जेवण कार्यालयात आणतात, कोपऱ्यावरच्या हॉटेलला फोन केला तर त्यांचा पोऱ्या पार्सल घेऊन येतो, आणि घरचा कुकर तर आहेच. रोजच्या दुपारच्या जेवणाला हे पर्याय जड पडतात. रात्री अकराला बिर्याणीची हुक्की आली तर त्यातला एकही उपयोगी नसतो. म्हणूनच पर्यायांचा धोका वेळेनुसार आणि जेवणाच्या प्रकारानुसार वेगळा लिहायला हवा.

दोन चुका असाइनमेंटमध्ये फार दिसतात. पहिली म्हणजे सरकार ही सहावी शक्ती मानणं. पोर्टर यांनी ते नाकारलं आहे, कारण कायदा कधी एका बाजूला बळ देतो तर कधी दुसऱ्या. स्पर्धा आयोगाची चौकशी हॉटेलांच्या पारड्यात पडते. सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांसाठी द्यायची आहे. ती तरतूद 45 रुपयांच्या ओळीला भिडते. दुसरी चूक, उद्योग वेगाने वाढतोय म्हणून तो फायद्याचा समजणं. ऑर्डरी सर्वांत वेगाने वाढत होत्या तेव्हाच सर्वांत मोठे तोटे झाले.

हे सगळं एका तारखेचं चित्र असतं, हेही उत्तरात आलं पाहिजे. ऑगस्ट 2025 मध्ये रॅपिडोने बंगळुरूत ‘ओनली’ नावाने जेवण पोहोचवायला सुरुवात केली आणि हॉटेलांकडून टक्केवारीऐवजी ठरावीक रक्कम घ्यायचं ठरवलं. स्विगीकडे रॅपिडोचे शेअर होते. पुढच्याच महिन्यात तिने ते सुमारे 2,400 कोटींना विकायचं ठरवलं. या शिरकावाची नोंद वेगळी घ्यावी लागते, कारण रॅपिडोकडे दुचाकीस्वारांची दाटी आधीच आहे आणि उबर, अ‍ॅमेझॉन यांना अडवणारी भिंत तिच्यासाठी निम्मी पडलेली आहे. मात्र तिच्या स्वारांना प्रवासी मिळतात ते मुख्यतः सकाळी आणि संध्याकाळी, कार्यालयांच्या वेळेला. जेवणाची गर्दी असते दुपारी एक ते तीन आणि रात्री आठनंतर. या वेळा एकमेकांना पूरक पडल्या तर स्वाराचा रिकामा तास भरतो आणि 50 रुपयांचा खर्च आणखी खाली येतो. संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास त्या एकमेकांवर चढल्या तर तोच स्वार प्रवासी घेईल की पार्सल, हे त्याला कशात जास्त सुटतं यावर ठरेल.