पडद्यावरच्या पक्क्या जागा

चिपळूणजवळच्या एका गावात राहणाऱ्या ७४ वर्षांच्या आजींना लेकीने स्मार्टफोन घेऊन दिला, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप शिकवायला सगळेच पुढे आले. जावयाने शिकवलं, भाच्याने शिकवलं, शेजारच्या कॉलेजातल्या मुलानेही शिकवलं. समोर कोणी बसलेलं असलं की कॉल लागायचा, दुसऱ्या दिवशी एकट्याने करायला गेल्या की लागायचा नाही. ‘त्यांच्या लक्षात राहत नाही,’ असं घरात ठरून गेलं. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या नातीने मात्र लगेच शिकवायला घेतलं नाही. आजी फोन कसा हाताळतात ते ती आधी शेजारी बसून नुसती पाहत राहिली.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आजींच्या लक्षात सगळं होतं. लेकीचं नाव वरून दुसरं, हे त्यांनी पक्कं केलं होतं. पण व्हॉट्सअ‍ॅपच्या यादीत ज्याचा निरोप शेवटी आला त्याचं नाव सगळ्यांत वर चढतं. सकाळी भजनी मंडळाच्या ग्रुपवर सुप्रभातचे फोटो येऊन पडले, गॅस एजन्सीचा निरोप आला, की लेक घसरत घसरत पार पडद्याच्या बाहेर जाई. आजी बिनचूक वरून दुसरंच नाव दाबत, आणि तिथे भलताच माणूस असे. ज्या बाईला मांडणीवरचा हळदीचा डबा अंधारातही हाताला सापडतो, तिच्या मांडणीवरचे डबे रोज रात्री कोणीतरी हलवून ठेवावेत, तसा हा प्रकार होता.

म्हणून नातीने पहिल्या दिवशी आजींना काहीच शिकवलं नाही. तिने फोन लावून घेतला.

यादीतल्या लेकीच्या नावावर बोट दाबून धरलं की वर टाचणीचं चिन्ह येतं. ते दाबलं की ते नाव यादीच्या डोक्यावर अडकून राहतं, मग खाली कितीही निरोप येवोत. अशी तीन नावं अडकवता येतात. नातीने लेक, मुलगा आणि स्वतः अशी तीन निवडली आणि तिघांच्याही व्हॉट्सअ‍ॅप प्रोफाइलवर चेहरे ओळखू येतील असे फोटो लावून घेतले. मग प्रत्येकाचं चॅट उघडून वरच्या तीन ठिपक्यांच्या मेनूतून त्याचा शॉर्टकट फोनच्या पहिल्या पडद्यावर आणून ठेवला. आता लेकीचा चेहरा दाबला की थेट तिचंच चॅट उघडतं, मधली यादी लागतच नाही.

दुसरी हलती गोष्ट म्हणजे मागे येण्याची खूण. बहुतेक नव्या फोनांमध्ये पडद्याच्या कडेवरून बोट आत सरकवलं की मागे येता येतं. ही खूण डोळ्यांना कुठे दिसतच नाही, त्यामुळे ती आठवणार तरी कशावरून? अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये नेव्हिगेशनचा प्रकार बदलून पडद्याच्या तळाशी तीन बटणं कायमची आणता येतात. मधलं बटण दाबलं की कुठूनही पहिल्या पडद्यावर परत. वाट चुकली की मधलं बटण दाबायचं आणि पुन्हा सुरुवात करायची, एवढं एक कळल्यावर आजींची निम्मी भीती गेली.

पडदा विझण्याची वेळही तिने वाढवली. अनेक फोनांत ती अर्धा मिनिट असते. वाचून, विचार करून बोट पुढे करेपर्यंत पडदा काळा होतो आणि आपल्याच हातून काही बिघडलं असं वाटतं. ‘हे काय गो, पुन्हा काळं झालं!’ हे आजींचं नेहमीचं वाक्य होतं. वेळ पाच मिनिटांची केल्यावर ते थांबलं. अक्षरं मोठी करण्याचं काम मात्र दोन ठिकाणी करावं लागतं. एक फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये आणि दुसरं व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅट सेटिंगमध्ये.

एवढं करूनही एक अडचण उरली, आणि ती बोटाची होती. आजी बटण दाबत ते मनापासून, विजेचा खटका दाबावा तसं, जोर देऊन आणि थोडं थांबून. बोट साधारण अर्धा सेकंद टेकून राहिलं की फोन त्याला ‘दाबून धरणं’ समजतो. मग चॅट उघडण्याऐवजी निवडलं जातं, चिन्ह जागेवरून उचललं जातं, नको ते मेनू उघडतात. अँड्रॉइडच्या सुलभता सेटिंग्जमध्ये, म्हणजे अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये, हा अवधी वाढवण्याची सोय आहे. नातीने तो सगळ्यांत लांब ठेवला.

काही वेळा उलटंही होतं, बोट टेकूनही फोनला पत्ता लागत नाही. आजचे पडदे दाबावर चालत नाहीत. बोटातून होणारा विजेचा सूक्ष्म बदल ते टिपतात. वयाने कोरडी झालेली किंवा शेतात, चुलीपाशी राबून राठ झालेली त्वचा हा बदल नीट घडवत नाही. अशा वेळी जोर वाढवून उपयोग नसतो. बोट किंचित ओलसर करावं, नखाचं टोक टेकवण्याऐवजी पेराची गादी टेकवावी आणि जाड काच लावलेली असेल तर काढून पाहावी. काही फोनांत स्पर्शाची संवेदनशीलता वाढवण्याचं सेटिंगही असतं.

शिकवणं सुरू झालं ते दुसऱ्या दिवशी, आणि पहिला धडा कॉल लावण्याचा नव्हता, घेण्याचा होता. इथेही एक गोम आहे. फोन बंद पडद्याने पडलेला असताना व्हिडिओ कॉल आला तर पडदाभर चेहरा दिसतो आणि खालचं बटण वर सरकवावं लागतं. आजी फोन वापरत असतानाच कॉल आला, तर वर फक्त एक पट्टी उतरते आणि तिच्यावरचं हिरवं बटण नुसतं दाबायचं असतं. ज्याला एकच रूप शिकवलं तो दुसऱ्या रूपापुढे अडतो. नातीने माजघरातून दोन्ही प्रकारे पुन्हा पुन्हा कॉल केले. स्वतःचे हात तिने मुद्दाम दूर ठेवले. शिकवणाऱ्याने ‘थांब, मी दाखवते’ म्हणून फोन हातात घेतला की शिकणाऱ्याच्या बोटाला काहीच मिळत नाही.

कॉल लावायला शिकताना नातीने आजींना पडद्यावरचे दोन शब्द वाचायला लावले. व्हिडिओ कॅमेऱ्याचं चिन्ह दाबल्यावर आधी ‘कॉलिंग’ दिसतं आणि पलीकडच्या फोनपर्यंत कॉल पोचला की ‘रिंगिंग’ होतं. बराच वेळ नुसतं ‘कॉलिंग’च राहिलं, तर पलीकडचा फोन बंद आहे किंवा त्याला नेट नाही. आपल्याकडचं नेट गेलेलं असतानाही तसंच होतं. ‘रिंगिंग’ होऊन कोणी उचललं नाही, तर ती व्यक्ती कामात आहे. कोकणात पावसाळ्यात नेट येत-जात असतं, तेव्हा हा फरक फार कामाचा ठरतो. आजी आता ‘मला जमलं नाही’ म्हणत नाहीत. ‘तिकडे रिंगिंग झालंच नाही’ असं सांगतात, आणि ही माहिती खरोखर उपयोगाची असते.

कॉल चालू असताना काही क्षणांनी खालची बटणं नाहीशी होतात. पडद्याच्या मध्यावर एकदा बोट टेकवलं की ती परत येतात, हे सांगितलं नाही तर कॉल संपवायचा कसा हेच कळत नाही. आवाज वाढवायची बाजूची बटणं कॉल चालू असतानाच दाबायची, कारण कॉलचा आवाज आणि गाण्यांचा आवाज फोन वेगवेगळा मोजतो. खिडकीकडे पाठ करून बसलं की चेहरा काळा दिसतो. खिडकीकडे तोंड केलं आणि फोन डब्याला टेकवून उभा केला, की हात भरून येत नाही आणि लेकीला छपराऐवजी आई दिसते.

फोटो पाठवण्याच्या दोन वाटा आहेत. आधी फोटो काढून मग गॅलरीतून ‘शेअर’ केला, की नावांची लांब यादी समोर येते आणि फोटो चुकून भजनी मंडळात जाऊ शकतो. नातीने दुसरी वाट निवडली. आधी लेकीच्या चेहऱ्यावर बोट, मग लिहिण्याच्या चौकटीशेजारचा कॅमेरा, मग गोल बटण, शेवटी हिरवा बाण. माणूस आधीच निवडलेला असल्यामुळे फोटो दुसरीकडे जातच नाही. ही चार पावलं आजींनी स्वतःच्या अक्षरात वहीत लिहिली, चिन्हंही स्वतः काढली.

फोटोखाली घड्याळ दिसलं तर तो अजून आपल्याच फोनमध्ये आहे. एक खूण आली तर निघाला, दोन आल्या तर पोचला. चुकून भलतीकडे गेलाच तर त्यावर बोट दाबून धरून ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करता येतं, पण सुमारे अडीच दिवसांच्या आत. आजी रक्तदाबाच्या नोंदींचं पान पाठवतात, ते पलीकडे पुसट दिसे. व्हॉट्सअ‍ॅप पाठवताना फोटो लहान करतं, हे त्याचं कारण. पाठवण्याआधी वर दिसणारं ‘एचडी’ निवडलं की आकडे वाचता येतात. आणि फोटो निघेनासेच झाले, तर बहुधा फोनची जागा भरलेली असते. आपोआप उतरणारे सुप्रभात फोटो आणि व्हिडिओ बंद करण्यासाठी ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये सोय आहे.

पुण्याला परतण्याआधी नातीने दोन कामं केली. गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये अनोळखी नंबरांचे कॉल मूक केले. असे कॉल वाजत नाहीत, यादीत मात्र दिसतात, त्यामुळे एखाद्या नातेवाइकाने नवा नंबर घेतला तर तो आधी साठवून द्यावा लागतो. दुसरं म्हणजे तिने आजींना स्क्रीन शेअर करायला शिकवलं. २०२३ पासून व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलमध्ये आपला पडदा समोरच्याला दाखवता येतो. एखाद्या अपडेटनंतर बटण हललं, तर नातीला आजींचा पडदा पुण्यातून दिसतो आणि ‘उजवीकडे वर बघ’ असं नेमकं सांगता येतं.

याच सोयीचा भामटे गैरवापर करतात. पोलीस किंवा सीबीआय अधिकाऱ्याच्या वेशात व्हिडिओ कॉलवर येऊन ‘डिजिटल अटक’ झाल्याचं सांगतात, स्क्रीन शेअर करायला लावून ओटीपी वाचतात. भारतीय कायद्यात अशी अटक नाही. म्हणून वहीच्या त्याच पानावर आजींनी नियम लिहिला आहे: पडदा दाखवायचा तो फक्त नातीला, आणि तोही आपण कॉल लावला असेल तरच. पैसे गेलेच तर लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करायचा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवायची. १९३० हा आकडा आजींनी लाल शाईने लिहून घेतला आहे, आणि तो साध्या फोनवरून लागतो, त्याला व्हॉट्सअ‍ॅप लागत नाही, हेही त्याखाली लिहिलं आहे.