दोन मिनिटांची ओळख

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. दहावीपर्यंत मराठी फक्त एका पेपरपुरतं. त्यामुळे स्नेहमेळाव्याच्या जेवणात माजी विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षांची ओळख "मराठीतून आणि तूच करून द्यायची" असं कल्चरल सेक्रेटरीनं जाहीर केलं, तेव्हा माझी रूममेट हसून हसून कॉटवरून पडायची बाकी होती. पण ते काम करताना जे कळलं ते पुढच्या वर्षी ज्याच्या गळ्यात ही घंटा बांधली जाईल त्याच्या उपयोगी पडेल, म्हणून लिहितेय.

मी पहिल्यांदा केलं तेच सगळे करतात. सरांचा बायोडेटा मागवला आणि त्याचं मराठी केलं. जन्म, शिक्षण, कुठली कंपनी, मग स्वतःची लॅब, अमुक समितीचे सदस्य, तमुक पुरस्कार. सुरुवातीला "ज्यांना ओळखीची गरज नाही असे..." हे वाक्यही टाकलं. रूममेटनं घड्याळ लावलं, तर पाच मिनिटं चाळीस सेकंद! ती म्हणाली, "गरज नाही म्हणालीस आणि पावणेसहा मिनिटं करून दिलीस." वर विचारते कशी, "आता सांग, सर काय करतात?" तिला स्वतःलाच आठवेना. यादीचं असंच होतं. ऐकणाऱ्याच्या हातात ताट असतं, तो दहातली एक गोष्टही घरी नेत नाही.

मग ठरवलं, एकच आठवण घ्यायची. ती कॉलेजातली हवी आणि तिचा धागा सरांच्या आजच्या कामापर्यंत पोचायला हवा. पोचत नसेल तर कितीही मजेशीर असली तरी ती बाद.

आमच्या हॉस्टेलमध्ये सरांच्या नावावर एक किस्सा फिरतो. तो प्रत्येक फर्स्ट इयरला पहिल्याच आठवड्यात ऐकवला जातो. मी तोच घेतला, आणि नुसतं विचारून ठेवावं म्हणून सरांना फोन केला. ते आधी गप्प झाले. मग म्हणाले, "तो मी नव्हतो गं. ज्यानं केलं त्याची एक टर्म गेली त्यात. त्या दिवशी तोही जेवायला येणार आहे, बायको-मुलांना घेऊन."

माझ्या पोटात गोळाच आला. मी माइकवरून हसत हसत सांगितलं असतं, सगळा हॉल हसला असता आणि एका टेबलावर एक माणूस खाली मान घालून बसला असता. तो किस्सा मी इथेही लिहीत नाहीये. पण नियम लिहून ठेवा. हॉस्टेलचे किस्से जो सगळ्यांत प्रसिद्ध असतो त्याच्या नावावर आपोआप जमा होतात, म्हणून आठवण दोन ठिकाणी तपासायची. एकदा ज्याची आहे त्याच्याकडे आणि एकदा त्या वेळी तिथे असलेल्या दुसऱ्या कुणाकडे. "मला सीनियरनं सांगितलं" हा पुरावा नव्हे.

मी फोनवर विचारलं, "सर, मग तुमची खरी आठवण कुठली?" हा प्रश्न चुकीचा. त्यावर सगळेच "ते दिवस सोनेरी होते" म्हणतात. पुढच्या वेळी प्रश्न बदलला. "सर, आज लॅबमध्ये तुम्ही एखादी गोष्ट हट्टानं करता का, जिची सुरुवात इथे झाली?" सर लगेच म्हणाले, "अठ्ठावीस दिवस."

सिव्हिलवाल्यांना कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगते. काँक्रीट किती मजबूत झालंय हे बघायला ओतकामाच्या वेळीच त्याचे ठोकळे करतात, १५० मिलिमीटर बाजूचे. त्यांना म्हणतात क्यूब. ते दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून पाण्यात ठेवायचे आणि २८ व्या दिवशी मशीनमध्ये दाबून फोडायचे. सातव्या दिवशी फोडून अंदाज येतो, कारण तोवर साधारण दोन तृतीयांश ताकद आलेली असते. पण अंदाज तो अंदाज. खरा निकाल २८ व्या दिवशीचाच.

सरांनी १९९५ साली प्रोजेक्टसाठी एम-२० चे ३ क्यूब भरले आणि नंतर कॅलेंडर बघितलं तर २८ वा दिवस ऐन लक्ष्मीपूजनाला! हॉस्टेल रिकामं, मेस बंद. सर घरी गेले नाहीत. लॅब असिस्टंटला विनवून किल्ली मिळवली. एम-२० चा क्यूब साधारण ४६ टनांचा भार तरी सोसायला हवा. पहिला ४९ टनांना फुटला, दुसरा ४८ ला आणि तिसरा ३५ लाच. सरासरी ४४ टन. नियम असा की एकाही क्यूबचा निकाल सरासरीपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त इकडे-तिकडे नको, नाहीतर सगळी टेस्ट रद्द. ३५ हा आकडा सरासरीपेक्षा ९ टनांनी म्हणजे २० टक्क्यांनी कमी. पार्टनर म्हणाला, "४६ लिही आणि घरी जा." (रीडिंग कुक करणं म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांना समजावायची गरज नसावी.) सरांनी ३५ लिहिलं, क्यूब परत भरले आणि आणखी २८ दिवस थांबले. सबमिशन लेट झालं.

आज सरांची काँक्रीट तपासायची लॅब आहे. बिल्डरचा माणूस येतो, सात दिवसांचा निकाल चांगला आलाय, २८ चं सर्टिफिकेट आजच द्या म्हणतो. सर देत नाहीत. गिऱ्हाईक उठून गेलं तरी देत नाहीत. म्हणजे धागा इथून थेट तिथपर्यंत पोचला!

आता दुसरा साक्षीदार. आमच्या मेसचे मामा तेव्हा पोऱ्या म्हणून नुकतेच लागले होते. मी विचारलं, "मामा, एका दिवाळीत मेस बंद असताना कुणी मुलगा थांबला होता का?" मामा म्हणाले, "थांबला होता की. सिव्हिलचा. मी घरनं करंज्या आणून दिल्या त्याला, ताई. हाताला सगळी सिमेंटची पांढरी पूड, तसाच खायला बसला." सरांनी मला करंज्यांचं सांगितलंच नव्हतं. खऱ्या आठवणीची खूण अशी की दुसरा माणूस त्याच्या बाजूनं तिच्यात काहीतरी भर घालतो. ऐकीव किस्सा मात्र सगळे एकाच शब्दांत सांगतात.

सरांना शेवटचं एक विचारलं, आणि ते विसरू नका, "हा प्रसंग तुम्ही भाषणात सांगणार आहात का?" कारण पाहुण्याची गोष्ट आपणच सांगून टाकली तर तो उभा राहून बोलणार काय? सर म्हणाले, "तू सांग, पण पार्टनरचं काढून टाक. त्या वयात सगळेच तसं म्हणतात."

मसुदा लिहिला आणि रूममेटला वाचून दाखवला. ती कॉम्प्युटरची. १५ टक्के, सरासरी, टन हे ऐकून तिचे डोळे मिटायला लागले. हॉलमध्ये तर सरांच्या बॅचमेट्सच्या घरची मंडळी, लहान मुलं, ऑफिसातले काका-काकू, सगळे असणार. म्हणून सगळे आकडे काढले आणि फक्त २८ ठेवला. बॅचच्या टोपणनावाचा विनोदही काढला, कारण त्यावर एकच टेबल हसतं आणि बाकीचे एकमेकांकडे बघत बसतात. शेवट सर ज्या विषयावर बोलणार होते तिथे नेला. संघटना आपल्या हॉस्टेलला पाण्याची नवी टाकी बांधून देतेय, त्याबद्दल सर बोलणार होते. नाव आणि पद अगदी शेवटी ठेवलं, कारण नाव घेतलं की टाळ्या पडतात आणि त्यानंतर आपलं कुणी ऐकत नाही.

शेवटी उरलं ते असं:

"१९९५ च्या दिवाळीत आपलं हॉस्टेल रिकामं होतं. मेसला कुलूप होतं. फक्त एक मुलगा घरी गेला नव्हता. त्यानं पाण्यात ठेवलेले काँक्रीटचे तीन ठोकळे बरोबर २८ व्या दिवशी फोडून बघायचे होते, आणि तो दिवस नेमका लक्ष्मीपूजनाचा आला. त्याला करंज्या आणून दिल्या त्या आपल्या मेसच्या मामांनी. मामा इथेच आहेत. तीनपैकी एक ठोकळा कच्चा निघाला. वहीत चांगला आकडा लिहून घरी जाता आलं असतं. त्यानं खरा आकडा लिहिला, ठोकळे पुन्हा भरले आणि आणखी २८ दिवस वाट बघितली. आज त्यांची स्वतःची लॅब आहे. तिथे २८ दिवसांचा दाखला सत्ताविसाव्या दिवशी मिळत नाही. कितीही मोठं गिऱ्हाईक असलं तरी नाही. आपल्या हॉस्टेलला पाण्याची नवी टाकी होतेय. तिच्या काँक्रीटचे ठोकळे त्यांच्याच लॅबमध्ये फुटणार आहेत. त्या टाकीबद्दल बोलायला येताहेत, आपल्या माजी विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष..."

आणि मग नाव. माइकवर थांबत थांबत वाचलं तरी दोन मिनिटांच्या आत. ओळख ताटं वाढायच्या आधी घ्यायची, हे मामांशी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. गरम पुरीपुढे कुणाचंच काही चालत नाही. माइकही रिकाम्या हॉलमध्ये नाही, पंखे चालू ठेवून तपासला.

"मामा इथेच आहेत" या वाक्यावर मला वाटलं होतं तसं कुणी हसलं नाही. लोक मागे वळून मामांना शोधायला लागले. सर स्टेजवर न जाता आधी मामांकडे गेले, आणि पुढचं अर्धं मिनिट मी माइकजवळ नुसती उभी होते. कुणालाच घाई नव्हती.

जेवताना एक गृहस्थ माझ्या टेबलाशी आले. बरोबर बायको आणि दोन मुलं. म्हणाले, "दुसराच किस्सा सांगशील अशी भीती वाटत होती." मी म्हटलं, "सरांनी सांगितलं होतं." त्यांनी मान हलवली आणि मुलांना म्हणाले, "चला, हॉस्टेल दाखवतो तुम्हाला."

माझ्या जर्नलमध्ये त्या आठवड्यात एक रीडिंग बसत नव्हतं. ते मी तसंच ठेवलंय. व्हायवात काय होतंय ते बघू!