घूं घूं करून गप्प होणारी चिमणी

बटण दाबलं की चिमणीचा दिवा लागतो, मोटर घूं घूं करते, पण ब्लोअर फिरत नाही. एक-दोन मिनिटांत तो आवाजही थांबतो. अर्ध्या तासाने पुन्हा बटण दाबावं, तर पुन्हा तेच. मोटर जळाली असं समजून अनेक जण लगेच नवी मोटर आणतात. खरं तर मोटर जळू नये म्हणून आत बसवलेला थर्मल कटआउट इथे त्याचं काम करत असतो.

चिमणीच्या मोटरला फिरायला सुरुवात करण्यासाठी दोन वाइंडिंग लागतात. दुसऱ्या वाइंडिंगला वीज मिळते ती कपॅसिटरमधून. तो कमजोर झाला की रोटर जागच्या जागी थरथरतो, मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. ठरावीक तापमानाला कटआउट मोटरचा पुरवठा तोडतो आणि गार झाल्यावर आपोआप जोडतो. दिव्याचं सर्किट वेगळं असल्याने दिवा मात्र लागलेलाच राहतो.

म्हणून चिमणी किती वेळाने बंद पडते, हे आधी पाहावं. न फिरताच मिनिटा-दोन मिनिटांत गप्प झाली, तर रोटर अडलेला आहे. पंधरा-वीस मिनिटं नीट चालून थांबली, तर मोटर चालता चालता तापते आहे.

रोजच्या फोडणी-तळणाच्या एका स्वयंपाकघरातली चिमणी आधी कमी स्पीडवर सुरू होईना, मग कोणत्याच स्पीडवर. मेकॅनिकने प्लग काढून ब्लोअर हाताने फिरवला. तो फिरला, पण जड. कपॅसिटरवर ४ मायक्रोफॅरड, ५ टक्के कमी-जास्त, ४४० व्होल्ट असं छापलेलं होतं. म्हणजे मीटरवर ३.८ ते ४.२ यायला हवं. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरू शकतो, म्हणून त्याने तो आधी रेझिस्टरमधून उतरवला, वायर सोडवली आणि मोजलं. मीटरने २.६ दाखवलं.

त्याच मापाचा नवा कपॅसिटर बसवल्यावर चिमणी सुरू झाली. मोठ्या मापाचा बसवला असता, तर दुसरं वाइंडिंग तापलं असतं. पण वीस मिनिटांनी ती पुन्हा थांबली. ब्लोअर खोलला तेव्हा पात्यांच्या खोबणी तेलाच्या चिकट थराने बुजलेल्या होत्या. तेल शाफ्टवरून बेअरिंगपर्यंत उतरलं होतं. त्यामुळे मोटरला ओढ जास्त पडत होती आणि तिला गार ठेवणारी हवाही कमी झाली होती. ब्लोअर ॲल्युमिनियमचा होता. धुण्याच्या सोड्याने तो काळा पडतो, म्हणून गरम पाणी आणि भांड्यांचा साबण वापरला. बेअरिंगही पुसून घेतल्यावर चिमणी कमी स्पीडवरही सुरू झाली.

मोटर पूर्ण गार झाल्यावरही घूं असा आवाज येत नसेल आणि बटणापासून मोटरपर्यंत वीज पोचत असेल, तर वाइंडिंग तुटलेलं असू शकतं. काही मोटरमध्ये एकदाच उडणारा थर्मल फ्यूज असतो, तोही गेलेला असू शकतो. तिथे कपॅसिटर बदलून काही उपयोग होत नाही.